भाव कोणी सांगायचा

लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा सासरच्या भांड्यांच्या दुकानात आपलं काही काम असेल असं माझ्या मनातही नव्हतं. माहेर नांदुऱ्याचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, त्यामुळे घरात पगार यायचा आणि त्यात महिना भागायचा. दुकानाची पायरी मी चढले होते ती नेहमी काहीतरी घ्यायला.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. दुकान दोघांचं होतं, मामाजींचं एकट्याचं नव्हे, हे कळायला मला वर्षभर लागलं. खाली दुकान, वर माडी. शटरची आणि गल्ल्याची चावी मामाजींच्या बंडीच्या आतल्या खिशात. माडीवर तांब्या-पितळेचा भारी माल असायचा, तिची चावी आत्याबाईंच्या कमरेला. लग्नाची भांडी घ्यायला बायका आल्या की आत्याबाई वर जायच्या आणि कुणाला काय दाखवायचं हे पायऱ्या चढता चढता ठरवायच्या. त्यांनी वरून काय आणलं यावरून मामाजींना समजायचं, गिऱ्हाईक किती पाण्यातलं आहे. या सगळ्यात दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलायचे नाहीत.

माझे मिस्टर म्हणजे घरातला एकुलता एक मुलगा. दुसरबीडकडच्या एका गावात शाळेत शिक्षक. सकाळी मोटरसायकलवर जातात, संध्याकाळी येतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी भांडी पुसण्यात घालवल्या होत्या, त्यामुळे दुकानाचं नाव काढलं की ते पेपर उघडायचे. नणंदबाई अकोल्याला दिल्या आहेत. मामाजी पाहुण्यांसमोर सरळ म्हणायचे, "दुकान माह्यासंग संपते. पोरगा मास्तर झाला, चांगलं झालं." हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की ऐकणारा मान हलवून चहा प्यायचा. आत्याबाई मात्र त्या वेळी हमखास आत निघून जायच्या.

मी दुकानात शिरले ती अक्षराच्या जोरावर. भांड्यावर नाव टाकायचं एक छोटं मशीन असतं, पेनासारखं हातात धरायचं, टोक थरथरत धातू कोरत जातं. मामाजींचा हात तेव्हा कापायला लागला होता. एकदा मी त्यांचं जेवण घेऊन गेले, तर एक बाई पातेलं परत घेऊन आलेली. नवऱ्याच्या नावातला एक काना भलतीकडे गेला होता आणि नावाचा अर्थच बदलला होता. बाई हसत होती, पण पातेलं बदलूनच घेणार होती. मामाजी ते पातेलं उलटसुलट करत बसले. मी म्हटलं, "मामाजी, मी टाकून पाहू का?"

त्यांनी एक चेपलेला डबा पुढे सरकवला. "याच्यावर पाह्य."

माझं अक्षर शाळेपासून चांगलं. त्या डब्यावर मी माझं माहेरचं नाव टाकलं. मामाजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून जेवन घेऊन आली का घंटाभर बसत जा."

एवढीच माझी नेमणूक झाली.

घंट्याची दुपार झाली, दुपारचा दिवस झाला. मामाजी शिकवत नाहीत अशा पद्धतीनं शिकवायचे. एखादी वाटी उचलून नखानं वाजवायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायचं, "ऐक." कांस्याचा आवाज लांबत जातो, पितळेचा लवकर विझतो. तांब्याचा हंडा विकण्याआधी पाणी भरून फडक्यावर ठेवायचा, सांधा पाझरला तर फडकं सांगतं. मोड घ्यायची म्हणजे तर वेगळीच विद्या. लोक घरातली जुनी भांडी आणतात, ती आपण वजनावर घेतो आणि त्या बदल्यात नवं नेतात. बंब आला की आधी आतली लोखंडी जाळी काढायला लावायची. कडी लोखंडाची असेल तर तिचं वजन वजा. भांड्यावर कोरलेलं नाव आणणाऱ्याच्या घरचं आहे का, हे गप्पा मारता मारता विचारून घ्यायचं. मी विचारलं, "आणि नाव दुसऱ्याचं निघालं तर?"

"तं म्हनाचं, आज मोड घेनं बंद हाय."

आत्याबाई शिकवायच्या ते बायकांबद्दल असायचं. नवरीची आई आणि नवरीची आत्या सोबत आल्या तर भांडं आत्याच्या हातात द्यायचं. आईला पसंत असतंच, मोडता आत्या घालते. घागर घ्यायला आलेल्या बाईला आधी रिकामी घागर कडेवर घेऊन पाहू द्यायची. "भांडं डोयाले दिसाले पाह्यजे, पन पटते ते कंबरेले," त्या म्हणायच्या. पण माडीची चावी त्यांनी कधी माझ्या हातात दिली नाही. मला वरून काही हवं असलं तर मी सांगायचं आणि त्यांनी गुडघे धरत चढायचं. "मी आणते ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुले सापडनार नाई."

अशी काही वर्षं गेली. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. माल कुठला कुठे आहे हे मला माडीसकट पाठ झालं होतं. स्टीलची जाडी मी बोटांनी ओळखत होते. दुकानाचं नाव लिहून मोबाइलवर नव्या भांड्यांचे फोटो टाकायला मी सुरुवात केली होती, आणि चिखलीहून, लोणारहून बायका ते फोटो दाखवत येऊ लागल्या होत्या. मिस्टर गमतीनं म्हणायचे, "मले जे जमलं नाई ते तुले जमलं. आता मी सुटलो." मामाजींनीही पाहुण्यांसमोर ते वाक्य म्हणणं बंद केलं होतं. 'दुकान माझ्यासोबत संपतं' च्या जागी त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही, पण ते थांबलं हे मी टिपून ठेवलं होतं.

मग एका लग्नसराईत ती गोष्ट झाली.

दुसरबीडच्या अलीकडच्या गावातून एक कुटुंब आलं होतं. मुलीचं लग्न. आई, मावशी, मुलगी स्वतः आणि मुलीचे काका. मामाजी जेवायला घरी गेलेले. मी सगळी भांडी मांडली. मुलीला काय हवं ते तिच्याकडूनच काढून घेतलं, ती आधी बोलतच नव्हती. आईला पितळेचा डबा हवा होता, मावशीला वाटत होतं स्टीलचा बरा. ताटं, वाट्या, परात, कुकर, हंडा, समई, सगळं जमलं. त्यांची ओढाताण समजून मी आधीच भाव बेताचा लावला होता. काकांनी घासाघीस केली, मी थोडं सोडलं आणि म्हटलं, "काका, याच्या खाली परवडत नाही. हा शेवटचा भाव."

काकांनी मान डोलावली. पैशाच्या पिशवीची नाडी सोडायला लागले, तेवढ्यात मामाजी पायरी चढले. काकांनी नाडी परत बांधली.

"या शेठ. आता तुमी सांगा. ताईनं तं शेवटचं सांगतलं."

मामाजी गादीवर बसले. भांड्यांवरून नजर फिरवली. मी त्यांच्याकडे पाहत होते. आणि त्यांनी माझ्या शेवटच्या भावाच्या बऱ्याच खालचा भाव सांगितला. वर म्हणाले, "आन् एक पळीपंचपात्र पोरीले माह्याकडून."

काका खूश. मावशी खूश. काकांनी जाता जाता, वाईट मनात नसताना, मला म्हटलं, "ताई, तुमच्या हातात तं काईच नाई मंग."

मी भांड्यांवर मुलीचं नाव टाकलं आणि ती बांधून दिली. 

त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, जी आधीपासून होत असणार. बायका माझ्याकडून माल पसंत करायच्या, आणि मग म्हणायच्या, "शेठ येऊ द्या." मामाजी समोर असले तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आधी त्यांच्याकडे वळायच्या. आणि मामाजी प्रत्येक वेळी काहीतरी कमी करायचेच. त्यांना वाटायचं ते गिऱ्हाईक राखत आहेत. राखत होतेही. फक्त ते स्वतःसाठी राखत होते. मी सांगितलेला आकडा हा आता घासाघिशीची सुरुवात झाला होता.

मी दोन दिवस दुकानात गेले नाही. डोकं दुखतं म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर, हात सोलण्यात.

"डोकं दुखत नाई तुहं," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आत्याबाई, त्यांचा माझ्यावर भरोसा नसेल तर तसं सांगा. मी नाव टाकेन आणि घरी येईन."

त्यांनी हातातली शेंग सोलली. "भरोसा हाय," मग म्हणाल्या. "तसं नाई ते. तू असं पाह्य, ते दुकानातून उठले का बसतीन कुठी? मंदिरात बसनारा मानूस नाई. पत्ते येत नाई. शेती नाई का वावरात जाऊन येतीन. अथी गिऱ्हाइकानं त्यायले इचारलं का त्यायले वाटते आपन हाओ." सुपातली टरफलं त्यांनी फुंकरीनं उडवली. "आन् मी काऊन चढतो माडीवर, गुडघे फुटून राह्यले तरी? तेच हाय."

माडीच्या चावीबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. त्या स्वतःहून बोलल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकी वर्षं मी समजत होते की आपल्याला जोखलं जातंय. आपण नापास होतोय म्हणून चावी मिळत नाही असं वाटायचं. परीक्षा माझी नव्हतीच. पण म्हणून काकांचं वाक्य विसरता येत होतं असंही नाही.

त्या रात्री जेवताना मी मामाजींना म्हटलं, "मामाजी, मला चावी नको, गल्ला नको. एकच ठरवा. ज्या गिऱ्हाइकाला मी भाव सांगितला त्याला तुमी सांगायचा नाही. तुमी सांगितला त्याला मी सांगणार नाही."

मिस्टरांनी भाकरीतून मान वर केली आणि परत खाली घातली. मामाजी पाणी प्यायले. "बरं," म्हणाले.

एवढ्या लवकर 'बरं' म्हणतील असं वाटलं नव्हतं. पाळणं त्यांना किती जड जाणार आहे हे तेव्हा त्यांनाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशीपासून जी मजा सुरू झाली ती आठवून मला आजही हसू येतं. मी भाव सांगितला की मामाजींना खोकला यायचा. कधी ते गादीवरून उठून पायरीवर जाऊन उभे राहायचे, रस्त्याकडे तोंड करून, हात मागे बांधून. आणि ती मागची बोटं हलायची. एकदा एका बाईनं मला विचारलं, "शेठ काय सांगून राह्यले बोटानं?" गिऱ्हाइकानं थेट विचारलं की म्हणायचे, "मले काई माहीत नाई बा," पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळं माहीत आहे आणि सुनेनं तोंड बांधलं आहे. एकदोन गिऱ्हाइकं तशीच उठून गेली. गेलं की ते माझ्याकडे पाहायचे. बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण हळूहळू बोटं थांबली. बायका मला विचारून पैसे द्यायला लागल्या. मला वाटलं, जमलं.

मग पोळ्याच्या सुमारास एक म्हातारं जोडपं मोड घेऊन आलं. गावाकडचं घर पाडून नवं बांधत होते, सामान कमी करत होते. दोन पितळी समया होत्या, चांगल्या उंच, आणि काही ताटं-तांबे. नाव त्यांच्याच घरचं, मी विचारून घेतलं. त्यांना बदल्यात मोठा कुकर आणि सुनेसाठी डबे हवे होते. मामाजी गादीवर बसले होते. मी समया काट्यावर ठेवल्या. चांगल्या भरल्या वजनाला. मी मोडीचा भाव सांगितला, म्हातारबांना पटला. मामाजींकडे पाहिलं तर ते रस्त्याकडे पाहत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, सवय झाली त्यांना.

थोड्या दिवसांनी मोडीचा ठोक व्यापारी त्याचा टेम्पो घेऊन आला. त्यानं समई उचलली, बैठकीवर बोटाचं पेर मारलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती उलटी करून खालचा पातळ पत्रा पान्याच्या टोकानं उचकटला. आत काळी लाख गच्च भरलेली.

"वहिनी, ही तं भरीव हाय. पितळ वर वर," तो म्हणाला. "दुसरीबी तशीच."

जुन्या समया पडू नयेत म्हणून बैठकीत लाख भरतात. म्हाताऱ्या जोडप्याला ते ठाऊकही नसेल. त्यांच्या आजेसासूच्या काळातल्या समया त्या. मी पितळेच्या भावानं लाख घेतली होती. व्यापारी हसला नाही, तो भला माणूस, पण त्याच्या हमालानं हसू दाबलं ते मी पाहिलं.

टेम्पो गेल्यावर मी मामाजींकडे वळले. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कवा समजलं?"

"तू काट्यावर ठेवली तवाच. आवाज बद्द आला ना."

"मग बोलले काऊन नाई?"

"तूच म्हनली होती बोलाचं नाई."

मला रडू फुटलं. दुकानात, शटर सताड उघडं असताना. पैशाचं नव्हतं ते. हा माणूस मला नखानं वाटी वाजवून 'ऐक' म्हणणारा. आणि मी ऐकलं नाही तेव्हा त्यानं मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "शिकवायचं होतं का मामाजी, का माझी जिरवायची होती?"

त्यांनी काट्याचं हलणारं पारडं हातानं थांबवलं. मग म्हणाले, "खरं सांगू का बाई? मलेबी समजलं नाई. तोंडावर आलं होतं. मंग वाटलं, हिनंच सांगतलं चूप बस, तं बसतो. रातच्याले झोप नाई लागली मले."

मी त्यांना सासरे म्हणून ओळखत होते, शेठ म्हणून ओळखत होते. असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. त्या वाक्यानं माझा राग गेला असं नाही, पण त्याला बसायला जागा मिळाली.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या मामाजींवर इतक्या कडाडल्या की मीच मध्ये पडले. "गिऱ्हाइकासमोर बोलाचं नाई म्हनलं होतं तिनं! तिले आत बोलावता येत नोतं काय? पानी आन, म्हनाचं. काईबी म्हनाचं. तोंड शिवून बसले! लेकरू विहिरीत पडून राह्यलं असतं तरी असंच बसले असते काय?"

मामाजी खाली पाहून म्हणाले, "हे सुचलं नाई."

आणि खरंच, मलाही सुचलं नव्हतं. मी नियम केला होता तो माझ्या अपमानातून. त्यांनी पाळला तो त्यांच्या अपमानातून. दुकान दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

मग आम्ही तिघांनी बसून नीट ठरवलं. मिस्टरही बसले होते, पेपर घडी करून. नव्या मालाचा भाव माझा. मोड मामाजींची, ती ते घेतील आणि मी शेजारी उभी राहीन, आणि प्रत्येक वस्तू घेतली का आणि सोडली का, हे गिऱ्हाईक गेल्यावर ते मला सांगतील. न विचारता सांगतील. माझं काही चुकतंय असं वाटलं तर आत बोलावतील. लग्नाच्या मोठ्या खरेदीत काही कमी करायचं असेल तर ते मीच कमी करीन. पोरीला भेट द्यायची ती मामाजी त्यांच्या हातानं देतील. हे शेवटचं माझं म्हणणं होतं. ती पळीपंचपात्राची भेट मला डाचली होती, पण नंतर विचार करता ते त्यांना शोभतं असं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून मिळालेलं भांडं सासरी जास्त दिवस टिकतं, असं निदान आमच्याकडच्या आयांना वाटतं.

कागदाचा विषयही तेव्हाच निघाला. आमचे करसल्लागार म्हणाले होते, सासरे एकटे मालक आहेत, सुनेला भागीदार करून घ्या. पण मग पॅन वेगळं होतं आणि जीएसटीचा नंबरही नवा काढावा लागतो. मामाजींना ते काही केल्या पटेना. "नंबर बदलला का दुकान दुसरं झालं." त्यांना म्हटलं, पाटी तीच राहील. म्हणाले, पाटी तं रंगवता येते. आत्याबाईंचं वेगळंच. "पोरीले इचारल्याशिवाय कागद नाई." नणंदबाई दिवाळीला आल्या तेव्हा मी स्वतःच विषय काढला. त्या म्हणाल्या, "वहिनी, हिस्सा मले नको असं मी म्हननार नाई, ते बाबा हायेत तवर त्यायनं ठरवावं. पन दुकान तुमी चालवा. बंद पडलेलं मले पाहाचं नाई." मला ते बोलणं आवडलं. सगळं सोडून देणाऱ्या माणसापेक्षा असं बोलणारं माणूस बरं. भागीदारी अजून झालेली नाही. बँकेत मात्र माझ्या सहीनं व्यवहार होतील असं मामाजींनी लिहून दिलं आहे. ते लिहून देऊन आले त्या दिवशी ते दुकानात न जाता सरळ घरी येऊन झोपले. संध्याकाळी उठून म्हणाले, "चहा कर बाई," आणि मग आम्ही दोघं दुकानात गेलो.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं बजावलं. पहिल्या सकाळी त्यांनी बंडीच्या खिशातून शटरची चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

तेवढे दिवस दुकान मी एकटीनं चालवलं. अकोल्याला जाऊन मालही एकटीनं आणला. विकणं मला येत होतं, घेणं वेगळं. ठोक दुकानदार दहा प्रकार समोर टाकतो आणि तुमच्या तोंडाकडे पाहत असतो. मी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तवे आणि कढया बऱ्याच उचलल्या. मोबाइलवर बायका विचारत होत्या म्हणून. मामाजींनी बीड कधीच ठेवलं नव्हतं: जड, गंज धरतं, पडलं तर फुटतं. काही खपले. बाकीचे पावसाळ्यात गंजून तांबारले. आत्याबाई घरून तेलाची बाटली घेऊन आल्या आणि खुर्चीवर बसून एकेक तवा पुसायला लागल्या. पुसता पुसता समोरच्या बाईला सांगायच्या, पहिल्यांदा तवा कसा तापवायचा, कांद्यानं कसा घासायचा. त्यांचं ऐकून दोन तवे गेले. बाकीचे अजून आहेत. मामाजी त्यांच्याकडे पाहतात आणि मला काही म्हणत नाहीत. आता मला त्यांच्या गप्प बसण्यातले प्रकार कळतात, हा बरा प्रकार आहे.

त्याच काळात आत्याबाईंनी एकदा मला माडीवरून हंडा आणायला सांगितलं आणि चावी काढून दिली. मी वर गेले, हंडा आणला, चावी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. दिवसभर चावी गादीवर पडून होती. संध्याकाळी जाताना त्यांनीच ती उचलून कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. आता ती चावी सकाळी गादीवर येते आणि संध्याकाळी कमरेला जाते. मधल्या वेळात माडी माझी.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी मी शटरची चावी मामाजींना परत दिली. मिस्टरांना ते कळेना. "एवढ्या वर्षांनी हातात आली, काऊन वापस दिली?"

चावी त्यांनी मला दिली होती ती डोळ्यामुळे, मनानं नव्हे. आणि तशी घेतलेली वस्तू माझ्याजवळ राहिली असती तर रोज सकाळी त्यांना माझ्यासाठी थांबावं लागलं असतं. ते मला नको होतं. शिवाय खरी गोष्ट अशी की सकाळी मुलीचा डबा, मिस्टरांचा डबा, पाण्याची पाळी, यात मला दुकान उघडायला जाणं जमतही नाही.

मामाजींनी चावी खिशात टाकली. दोन दिवसांनी भांडी मांडत असताना म्हणाले, "येत्या हप्त्यात त्या हिशोबवाल्याले बलाव. नवा नंबर काढाले किती दिवस लागते ते इचारू."

"पाटी?" मी विचारलं.

"पाटी राहू दे," म्हणाले. मग रस्त्यावरून एक बाई हातात जुनं घंगाळ घेऊन पायरी चढली, आणि ते तिच्याकडे वळले.